एक शेगडी आणि वीतभर ओटा : तुम्ही कसं निभावता?

मधुरा_गिरगाव
भाचा नोकरीला लागला, पुण्यात एका खोलीत राहतोय. काल फोनवर म्हणाला, "मावशी, ओट्यावर शेगडी ठेवली की पोळपाट मावत नाही. कुठलं यंत्र घेऊ?" मला एकदम आमची चाळ आठवली. एक स्टोव्ह, सहा माणसं. आई आधी कणीक मळून झाकून ठेवायची, मग कुकर चढवायची. शिट्ट्या झाल्या की कुकर उचलून खाली फरशीवर. वाफ जिरेपर्यंत स्टोव्ह मोकळा, तेवढ्यात पोळ्या. पोळ्या झाल्या की तव्याच्या जागी कढई, आणि वरणाला फोडणी. भाच्याला म्हटलं, यंत्र नको, आधी क्रम ठरव. तुमच्या युक्त्या सांगा, त्याला पाठवते.

निलेश७७
एअर फ्रायर घ्या म्हणावं. जागा कमी घेतो.

मधुरा_गिरगाव
अहो निलेश, ठेवणार कुठे, डोक्यावर? 😀

सुलभाकाकू
क्रम बरोबर आहे, पण कुकर नीट लागला नाही तर सगळं फसतं. तळाला जाळी, त्यात दोन बोटं पाणी. खाली डाळीचं भांडं: एक वाटी तूर अर्धा तास भिजवून, अडीच वाट्या पाणी, हळद, हिंग आणि चमचाभर तेल. तेलाने फेस कमी येतो. भांडं निम्म्याहून जास्त भरायचं नाही आणि वर ताटली ठेवायचीच, नाहीतर डाळीचा फेस भातात. वरच्या भांड्यात तांदूळ, जुना असेल तर दुप्पट पाणी, नवा असेल तर दीडपट. भांड्यांच्या कडेने बोटभर फट हवी. घट्ट बसणारी भांडी घातली की वाफ वर जात नाही, भात कच्चा राहतो आणि लोक तांदळाला दोष देतात. पहिली शिट्टी मोठ्या आचेवर, मग आच बारीक करून दहा-बारा मिनिटं. उरलेल्या फटीत बटाटा सालासकट सरकवून द्यावा.

केतकी_क
काकू आमच्याकडे भात खाली असतो, डाळ वर. काही बिघडत नाही.

सुलभाकाकू
बिघडत नसेल तर ठेव बाई. मी नाही ठेवणार.

दादा_सांगली
डाळीत मीठ आधी घातलं की डाळ शिजतच नाही. आमच्या आजीचा नियम. म्हणून मी सगळं नंतरच घालतो, चिंच, टोमॅटो, मीठ.

सुलभाकाकू
मिठाने फारसं अडत नाही हो. चिंच, आमसूल, टोमॅटो यांच्या आंबटाने डाळ अडते. शिवाय बोअरचं जड पाणी असलं की अडते, आणि डाळ जुनी असली तरी. तुमच्या आजी आंबट नंतर घालायच्या तेवढं मात्र पक्कं बरोबर.

दादा_सांगली
बोअरच आहे आमच्याकडे 🙈 तरी मीठ नंतरच घालणार.

श्रुती_तोक्यो
इथे खोलीत एकच चूल, तीही इंडक्शन. आईने दिलेला अॅल्युमिनियमचा कुकर त्यावर तापलाच नाही, चुंबक चिकटेल असा तळ लागतो. मग स्टीलचा आणला. भाजी मात्र कढईत करते, वर खोलगट ताटलीत पाणी. वाफ ताटलीला लागून परत भाजीत पडते, म्हणून फ्लॉवर-गाजर पाणी न घालता शिजतं. भाजी कोरडी वाटली तर त्याच ताटलीतलं गरम पाणी घालायचं. कोबीला नको, लगदा होतो.

वैशाली_म
श्रुती तोक्योत कढीपत्ता मिळतो का गं?

श्रुती_तोक्यो
मिळतो, पण महाग. वाळवलेला आईकडून येतो.

अनघा_ठाणे
मी इंच इंच ओट्याचा लढवते. सिंकवर बसणारी लाकडी फळी सुताराकडून करून घेतली, भाज्या चिरायला तीच. पण पोळ्या लाटायला नाही चालत, हलते. पोळपाट मी खाली जमिनीवरच घेते, गुडघे दुखले तर दुखले.

निलेश७७
कुकर सुरू असताना झाकणाखालून वाफ फुसफुसत जाते आणि शिट्टीच होत नाही. यंत्र नाही विचारत हं, कुकरच बिघडलाय का एवढंच.

सुलभाकाकू
रबर सैल झालं. तात्पुरतं थोडा वेळ फ्रीजरमध्ये ठेवून लावा, आज चालेल. मग नवीन आणा, कुकरच्या मापाचंच, नंबर पाहून. आणि झाकणाची शिट्टी काढून नळी उजेडाकडे धरून बघा, आरपार दिसली पाहिजे. डाळीचा कण अडकला असेल तर काडीने काढा, नाहीतर नवीन रबर लावूनही ताप.

केतकी_क
निलेश, एअर फ्रायरचे पैसे रबरात वाचले तुमचे

मधुरा_गिरगाव
भाच्याचा मेसेज: "कणीक मळली. कुकरच्या तळाला जाळी नाही, वाटी पालथी घातली तर चालेल?"

सुलभाकाकू
वाटी डुगडुगेल. कुकरच्या दुकानात जाळी सुटी मिळते, तोपर्यंत डाळीचं भांडं सरळ पाण्यात ठेव म्हणावं. फक्त पाणी कमी पडू देऊ नको.