प्रतिसाद: एक शिक्षक, तीन इयत्ता

“चाळीस मिनिटांत तिन्ही इयत्तांना तीन वेगळे घटक शिकवायचे कसे?”

गणितात तरी घटक एकच ठेवा. मी दुसरी, तिसरी, चौथीला वजाबाकी एकाच आठवड्यात घेते. पहिली १० मिनिटं सगळे गोलात, मध्ये काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे. ५२ मधून २७ काढायचे. एक गठ्ठा सोडला की दुसरीतलं पोरही ओरडतं, “बाई, आता बारा सुट्या!” मग चौथीला शाब्दिक उदाहरणं, तिसरीला फळ्यावर तीन अंकी वजाबाक्या, आणि मी दुसरीजवळ बसते. उद्या तिसरीजवळ.

घोळ होतो तो फळ्यावरचं काम लवकर संपलं की. म्हणून शेवटचं उदाहरण कायम “स्वतः तयार कर, शेजाऱ्याला घाल” असं. ५०३ सारखी संख्या कुणी घातली, की शून्यातून हातचा कुणाला जमत नाही ते लगेच दिसतं.