प्रत्येक गटात 30 मुलं पुरेत का? छोट्या प्रबंधासाठी पॉवर काढावी की नाही

एमएड_दुसरं_वर्ष:
नववीच्या दोन तुकड्या आहेत, प्रत्येकी 30 मुलं. अ तुकडी विज्ञानाचा उतारा दोनदा वाचणार. ब तुकडी एकदा वाचून, पुस्तक मिटून, आठवेल ते लिहून काढणार. आठवड्याने दोघांची 30 गुणांची एकच चाचणी. मार्गदर्शक म्हणतात, "गटात 30 झाले की झालं." पण बाह्य परीक्षक इफेक्ट साइझ, म्हणजे फरक किती मोठा, आणि पॉवर, म्हणजे खरा फरक चाचणीला दिसण्याची शक्यता, विचारतात असं ऐकलंय. एवढ्याशा कामाला हे लागतं का?

खडूडस्टर:
नाही लागत. 30 च्या पुढे नमुना गेला की सरासरीचं वितरण प्रसामान्य होतं, टी-चाचणी बिनदिक्कत लावता येते. विद्यार्थ्याने संशोधनाची रीत शिकावी एवढाच प्रबंधाचा हेतू. पॉवरचा आग्रह धरला तर निम्मे विषय बादच होतील.

नमुना_निवड:
खडूडस्टर, सरासरीच्या वितरणाचं तुमचं वाक्य बऱ्यापैकी खरं आहे, पण ते वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. टी-चाचणी लावता येणं निराळं आणि तिला फरक दिसणं निराळं.

याच उदाहरणाचे आकडे मांडू. अशा चाचणीत मुलांच्या गुणांचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा पसारा, 6 धरू. किती गुणांचा फरक पडला तर शिक्षक आपली पद्धत बदलेल? समजा 3. म्हणजे इफेक्ट साइझ 3 भागिले 6, अर्थात 0.5. आता R या संख्याशास्त्राच्या प्रणालीत दोनच ओळी:

```
power.t.test(delta = 3, sd = 6, power = 0.80)
power.t.test(n = 30, delta = 3, sd = 6)
```

पहिली ओळ सांगते, प्रत्येक गटात 64 मुलं हवीत. दुसरी सांगते, 30-30 मुलांवर पॉवर साधारण 48 टक्के. पद्धत खरोखर 3 गुणांनी सरस असली तरी दोनातल्या एका वेळी प्रबंधात "सार्थक फरक आढळला नाही" असंच छापून येणार. नाणेफेकच की! त्यातही गंमत अशी की, 30-30 मुलांत फरक नेमका 3 गुणांचा आला तरी टी-मूल्य 1.94 येतं आणि लागतं 2.00. सार्थक ठरायला निदान 3.1 गुण दिसावे लागतात. म्हणून खरा फरक 2 गुणांचा असेल, तर ज्या प्रबंधांत तो "सार्थक" निघतो त्या सगळ्यांत तो दीडपट किंवा जास्त फुगलेला असतो.

सर्व्हेवाली:
एवढी आकडेमोड कशाला? क्रेजसी आणि मॉर्गन यांचा 1970 चा तक्ता बघा. शाळेत 2000 मुलं असतील तर नमुना 322. आमच्या विभागात सगळे हाच वापरतात.

नमुना_निवड:
मॅडम, तो तक्ता "किती टक्के मुलांकडे घरी इंटरनेट आहे" अशा प्रश्नासाठी. टक्केवारी पाच टक्क्यांच्या आतबाहेर कळावी, यासाठी तो नमुना सांगतो. दोन गटांची तुलना, अपेक्षित फरक, प्रमाण विचलन, यातलं काहीच त्यात नाही. इथे शाळेची एकूण पटसंख्या जवळजवळ गैरलागू आहे.

खडूडस्टर:
पण तो 3 आणि 6 आला कुठून? आकडा मनाने घालायचा आणि उत्तर मात्र 64 असं अचूक सांगायचं, याला मी तरी शास्त्र म्हणणार नाही. विचलन 8 निघालं तर?

नमुना_निवड:
तर प्रत्येक गटात 113 लागतील. आक्षेप रास्त आहे, म्हणूनच आराखड्यात एक आकडा न देता 5, 6 आणि 8 तिन्ही धरून उत्तरं द्यावीत. विचलन त्याच वर्गाच्या मागच्या घटक चाचणीवरून काढता येतं, फक्त गुण 30 पैकी करून घ्यायचे. 3 गुण मात्र संगणक सांगणार नाही, ते विषयशिक्षकाला विचारायचं. संख्याशास्त्रातल्या कोहेनचे इफेक्ट साइझचे ठोकताळे, "लहान 0.2, मध्यम 0.5, मोठा 0.8", हे डोळे मिटून घेणं म्हणजे शिंप्याने गिऱ्हाईक न बघता मधल्या मापाचा सदरा बेतणं.

फिजिओ_इंटर्न:
माझ्याकडे गुडघेदुखीचे रुग्ण आहेत. आधी 10-10 जणांवर पायलट करून त्यातूनच इफेक्ट साइझ काढला तर?

नमुना_निवड:
तो सापळा आहे. वरच्याच चाचणीत 10-10 मुलांवर 3 गुणांचा फरक आला, तर खरा फरक बहुधा ज्यात असेल ती 95 टक्के मर्यादा साधारण उणे 2.6 ते अधिक 8.6 येते. त्यातून निघालेल्या नमुनासंख्येला काय अर्थ? पायलट करा, पण प्रश्न कळतात का, वेळ पुरतो का, किती जण मध्येच सोडून जातात, यासाठी. गुणांच्या चाचणीत बहुतेक मुलं 27 च्या वर गेली, तर पेपर सोपा आहे आणि फरक दिसायला जागाच उरलेली नाही, हेही तिथेच कळतं. तुमच्याकडे दहातला एक रुग्ण गळत असेल तर 64 च्या जागी 72 घ्या.

परीक्षक_खुर्चीतून:
सगळे आकड्यांत अडकलात. मूळ खोट आराखड्यात आहे. अ तुकडीला एक पद्धत आणि ब ला दुसरी. मग फरक पद्धतीचा, की ब तुकडीच्या शिक्षकाचा, की ब मध्ये हुशार मुलं जास्त होती म्हणून? मुलं 60 असली तरी तुकड्या दोनच. इथे 64 काय, 640 मुलंही हा पेच सोडवणार नाहीत. मी हा प्रश्न आधी विचारेन, पॉवरचा नंतर.

नमुना_निवड:
शंभर टक्के. आणि दोन्ही दुखणी एकाच औषधाने जातात. दोन उतारे घ्या, साधारण एकाच काठिण्याचे. प्रत्येक मूल एक उतारा दोनदा वाचेल, दुसरा आठवून लिहील. कोणता कुठल्या पद्धतीने आणि कोणता आधी, हे प्रत्येक तुकडीत चिठ्ठ्या टाकून ठरवा. आठवड्याने दोन्हींवर 30-30 गुणांची चाचणी, लागोपाठच्या दिवशी. आता प्रत्येक मुलाची तुलना स्वतःशीच. फरकाचं विचलन 6 असेल तर 80 टक्के पॉवरला 34 मुलं पुरतात, 60 मुलांवर ती 95 टक्क्यांच्या वर जाते. हे 6 मात्र मुलांच्या गुणांचं नव्हे, दोन गुणांमधल्या फरकाचं. एकाच मुलाचे दोन्ही गुण फारसे जुळत नसतील तर हा आकडा वाढतो. त्याचा अंदाज मागच्या दोन घटक चाचण्यांवरून घ्या.

परीक्षक_खुर्चीतून:
इतकं सरळ नाही. आधी "आठवून लिही" केलेलं मूल दुसरा उतारा वाचतानाही मनात उजळणी करणार. मग फरक पुसट होईल. मी तरी तुकडीच्या आत चिठ्ठ्या टाकून दोन गट करेन, पूर्वचाचणी घेईन आणि पूर्वगुणांतला फरक हिशोबात धरणारा एएनकोव्हा लावेन. पूर्व आणि उत्तर गुणांत 0.7 चा सहसंबंध असेल, तर 64 ची गरज 33-34 वर येते. 30-30 मुलांवर पॉवर 76 टक्क्यांच्या आसपास. मला ते चालेल.

नमुना_निवड:
0.7 मिळाला तर. नव्या उताऱ्यावर पूर्वचाचणीत सगळ्यांना 4-5 गुण पडतील, मग कुठला सहसंबंध? त्यापेक्षा मागच्या विज्ञान परीक्षेचे गुण घ्या. आणि उजळणी मनात झालीच, तर फरक कमी दिसेल, खोटा वाढणार नाही.

एमएड_दुसरं_वर्ष:
तुकड्या शाळेने आधीच वाटून दिल्यात, मुख्याध्यापक आतल्या आत गट करू देतील असं वाटत नाही. आहे तसंच केलं आणि नंतर एसपीएसएसमधून ऑब्झर्व्ह्ड पॉवर, म्हणजे आलेल्या निकालावरूनच काढलेली पॉवर, जोडली तर?

नमुना_निवड:
ती जोडू नका. ती पी-मूल्याचंच दुसरं रूप असते. पी 0.05 आला की ती 50 टक्क्यांच्या आसपास येणारच, त्यातून नवं काही कळत नाही. त्याऐवजी आधीच आराखड्यात लिहा: "30-30 मुलांवर 80 टक्के पॉवरने 4.4 गुणांहून लहान फरक पकडता येणार नाही." G*Power मध्ये हे Sensitivity खाली मिळतं. निकालात फरक आणि त्याची 95 टक्के मर्यादा द्या. तुकड्यांचा पेच मात्र याने सुटत नाही. गट बनवायला परवानगी लागते, पण दोन उताऱ्यांच्या आराखड्यात तुकडी न मोडता एकाच वर्गात दोन प्रकारचे कागद वाटायचे असतात. मुख्याध्यापकांना तसं सांगून बघा.

खडूडस्टर:
परीक्षकांपैकी किती जण "4.4 गुण" वाचून खूश होतील, ते मला बघायचंय. बहुतेकांना तारांकित सार्थकता लागते.

परीक्षक_खुर्चीतून:
खूश नाही होणार. पण ते वाक्य आधीच्या आराखड्यात असेल, तर "सार्थक का नाही आलं" हा प्रश्न मी विचारू शकत नाही.