मदत हवी आहे: २०१३ चं क्रेडिट कार्ड बंद करू का? तातडीचं

डोंबिवली_फास्ट
जुनं क्रेडिट कार्ड आहे, २०१३ चं. वापर शून्य आणि वर्षाची फी मात्र लावतात. उद्या फोन करून बंद करून टाकायचं म्हणतोय. सिबिल पडतो का याने? नेटवर प्रत्येक जण वेगळं सांगतो. कृपया हो की नाही एवढंच सांगा, भाषण नको.

मंदार_कट्टा
अजिबात बंद करू नका! जुनं कार्ड बंद केलं की सगळा इतिहास पुसला जातो. २०१३ पासूनची पुण्याई एका फोनमध्ये गेली म्हणून समजा.

हिशेबनीस
'हो की नाही' सांगता येणार नाही, कारण महत्त्वाचं तुम्ही लिहिलंच नाहीये. दुसरं कार्ड आहे का? कुठल्या बँकेचं, याच की वेगळ्या? दोन्हींची लिमिट किती आणि दुसऱ्यावर महिन्याला बिल किती येतं? आणि नजीकच्या काळात कर्ज घ्यायचंय का?

खडूस_काका
कार्ड हवंच कशाला? डेबिट कार्ड वापरा, यूपीआय वापरा, सुखाने झोपा.

डोंबिवली_फास्ट
काका, प्रश्न तो नाहीये.
@हिशेबनीस जुन्याची लिमिट १,८०,०००. दुसरं वेगळ्या बँकेचं, २०२२ चं, लिमिट ६०,०००, त्यावर किराणा, वीजबिल, पेट्रोल मिळून महिन्याला ३६,००० च्या आसपास. दर महिन्याला पूर्ण भरतो, एकदाही उशीर नाही. गृहकर्जाचा अर्ज दोन महिन्यांनी करायचाय. एजंटच म्हणाला की जास्तीची कार्डं बंद करा म्हणून.

हिशेबनीस
गृहकर्ज ही गोष्ट पहिल्या ओळीत यायला हवी होती. आता उत्तर देता येतं: कर्जाचे पैसे हातात पडेपर्यंत बंद करू नका.

कारण इतिहासापेक्षा आकडा आहे. आज एकूण लिमिट २,४०,००० आणि त्यावर वापर ३६,०००, म्हणजे १५ टक्के. जुनं कार्ड बंद झालं की तेच ३६,००० साठ हजारांवर मोजले जातील, म्हणजे ६० टक्के. खर्चात एक रुपया वाढलेला नाही, पण रिपोर्टमध्ये तुम्ही लिमिटच्या काठाशी जगणारे दिसाल. तुम्ही पूर्ण बिल भरता हे खरं, पण बँक ज्या दिवशीची बाकी कळवते ती बाकीच रिपोर्टवर दिसते. नंतर भरलेले पैसे पुढच्या नोंदीत येतात.

@मंदार_कट्टा, इतिहास पुसला जात नाही. बंद खातं रिपोर्टमध्ये राहतं, `Date Opened` आणि `Date Closed` दोन्हीसकट, आणि वेळेवर भरल्याच्या नोंदीही लगेच काढून टाकत नाहीत. मात्र त्या खात्यात नवी भर पडणं थांबतं आणि चालू खात्यांत सगळ्यात जुनं २०२२ चं उरतं. बंद खात्याचं वय स्कोअरमध्ये नेमकं कसं धरतात हे सिबिलने उघड केलेलं नाही, म्हणून 'इतके गुण पडतील' असं छातीठोक सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

जर्सीकर
इकडे अमेरिकेत चांगलं चालवलेलं बंद खातं १० वर्षांपर्यंत रिपोर्टवर राहतं आणि फायको स्कोअर त्याचं वयही धरतो. त्यामुळे वयाची चिंता करू नका, बिनधास्त बंद करा.

हिशेबनीस
ते फायकोचं झालं. इथे अर्ज डोंबिवलीत होणार आहे आणि सिबिलचं गणित वेगळं आहे. शिवाय ६० टक्क्यांचा प्रश्न फायकोतही सुटत नाही.

मंदार_कट्टा
ठीक आहे, पुसला जात नाही हे मान्य. पण निष्कर्ष तोच निघाला ना?

कार्डबाज
निष्कर्ष तो नाही! फी भरत बसायची कशाला? बँकेला 'बंद करतोय' म्हणा, धावत फी माफ करतात. नाही केली तर त्याच बँकेचं बिनफीचं कार्ड मागा आणि हे त्यात बदलून घ्या. फक्त दोन प्रश्न ईमेलने विचारा, फोनवर नको: खाते क्रमांक तोच राहील का, आणि सिबिलसारख्या क्रेडिट ब्युरोकडे उघडल्याची तारीख २०१३ च जाईल का? काही बँका कार्ड बदलताना आतल्या आत जुनं खातं बंद करून नवं उघडतात. मग जे टाळायचं होतं तेच होतं. शिवाय नवं कार्ड म्हणून बँकेने तुमचा रिपोर्ट तपासल्याची, म्हणजे चौकशीची नोंदही पडू शकते. बदल करण्याआधी रिवॉर्ड पॉइंट वापरून टाका, बऱ्याचदा ते पुढे येत नाहीत.

वैदेही_न
माझंही असंच आहे. २०१९ मध्ये कार्डाचं सेटलमेंट केलं होतं, ४०,००० ऐवजी २५,००० भरून. ते बंद झालं असं धरायचं ना? मग स्कोअर का वाढत नाही?

हिशेबनीस
वैदेहीताई, तो वेगळा विषय आहे. ते खातं रिपोर्टवर `Settled` दिसत असणार, `Closed` नाही. बँकेने १५,००० वर पाणी सोडलं, हे त्या एका शब्दात पुढच्या प्रत्येक बँकेला दिसतं. उरलेली रक्कम भरून घ्यायला बँक तयार आहे का हे विचारा आणि भरल्यावर ना-देय पत्रासह नोंद सुधारून घ्या. वेगळा धागा काढलात तर सविस्तर लिहितो.

डोंबिवली_फास्ट
फी माफीसाठी फोन केला. म्हणाले ५० टक्के करू. फी २,५०० अधिक जीएसटी, म्हणजे २,९५०. ती आधीच ५ तारखेच्या बिलात लागलीये. मी म्हटलं पूर्ण माफ केल्याशिवाय भरणार नाही.

हिशेबनीस
थांबा! देय तारीख कधी आहे?

डोंबिवली_फास्ट
२३.

हिशेबनीस
मग २३ च्या आत २,९५० भरून टाका आणि भांडण नंतर करा. देय तारखेनंतर तीन दिवसांहून जास्त रक्कम राहिली की बँक ती थकबाकी म्हणून ब्युरोला कळवू शकते. ज्या कार्डावर तुम्ही चहासुद्धा घेतला नाही, त्याच्यावर फीपायी उशिराची नोंद पडेल. गृहकर्जवाल्याला ती नोंद ६० टक्क्यांपेक्षा जास्त खटकेल. फी माफ झाली तर रक्कम पुढच्या बिलात वळती होते, पैसे बुडत नाहीत.

खडूस_काका
म्हणजे आधी लुटू द्यायचं आणि मग तक्रार करायची. छान.

कार्डबाज
काका, २,९५० साठी वीस वर्षांच्या कर्जावर व्याजदर पाव टक्का चढला तर हिशेब काढून बघा.

आणि @डोंबिवली_फास्ट, त्या जुन्या कार्डावर एखादा छोटा व्यवहार करा, मोबाइल रिचार्ज वगैरे, आणि बिल आलं की भरा. एक वर्षाहून जास्त काळ कार्ड वापरलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बँक तुम्हाला कळवून ते बंद करण्याची प्रक्रिया सुरू करते आणि ३० दिवसांत तुमचं उत्तर आलं नाही की बंदच करते. ईमेल जाहिरातींच्या ढिगाऱ्यात गेला तर कळणारही नाही.

सौ_पुणेकर
मूळ खोट ६०,००० वाल्या कार्डात आहे, कोणी बोलतच नाहीये. ३६,००० खर्च ६०,००० च्या लिमिटवर, म्हणजे ते कार्ड एकटं पाहिलं तर आजही ६० टक्केच. बिल तयार होण्याच्या दोन-तीन दिवस आधी ३०,००० भरा. बिल ६,००० चं येईल, म्हणजे १० टक्के. उरलेले देय तारखेआधी. खर्च तोच, फक्त पैसे थोडे आधी द्यायचे.

मंदार_कट्टा
बिलाच्या तारखेला काय बघता? आता ब्युरोला पंधरवड्याने माहिती जाते, १५ तारखेची आणि महिनाअखेरची. तुमचं बिल २० ला असेल आणि तुम्ही १८ ला भरलं, तर १५ ला ३०,००० दिसणारच.

सौ_पुणेकर
रिपोर्टमध्ये बिलातलीच रक्कम दिसते. माझ्या तीन कार्डांवर ताडून पाहिलंय.

मंदार_कट्टा
तुमच्या बँकेत तसं असेल. १ जानेवारी २०२५ पासून पंधरवड्याची पद्धत लागू आहे.

हिशेबनीस
दोघांचंही चालतं. सगळ्या बँका बाकीचा आकडा एकाच पद्धतीने पाठवतात असं धरू नका. अर्जाआधीचे दोन महिने बिलाच्या आधी आणि १५ व महिनाअखेरच्या आधीही बाकी खाली ठेवा, मग कोणतीही पद्धत असली तरी भीती नाही. त्या दोन महिन्यांत किराणा डेबिट कार्डावर नेला तर हा खेळच नको. नव्या कार्डाची लिमिट वाढवायचा मोह होईल. ॲपमध्ये आधीच मंजूर ऑफर असेल तर घ्या, नाहीतर त्यासाठी नवा अर्ज टाकून गृहकर्जाच्या अर्जापूर्वी चौकशीची नोंद ओढवून घेऊ नका.

डोंबिवली_फास्ट
आणि एजंट म्हणतो ते? जास्त कार्डं असली की कर्ज कमी मिळतं म्हणे.

कार्डबाज
एजंटला फाइल लवकर सरकवायची असते. हप्त्याच्या क्षमतेत न वापरलेली लिमिट सहसा धरत नाहीत. काही बँका कार्डावरच्या बाकीचा काही टक्के भाग महिन्याचा बोजा धरतात. म्हणजे बाकी कमी करा, कार्ड नाही.

सौ_पुणेकर
'सहसा' म्हणजे प्रत्येक बँक नाही. कर्ज देणाऱ्या बँकेच्या अधिकाऱ्याला थेट विचारा. त्यांनी लेखी अट घातली तर मग विचार करा.

हिशेबनीस
बरोबर. आणि कर्ज मिळाल्यावर बंद करायचंच ठरलं तर क्रम असा: पॉइंट वापरा, कार्डावर एखादा ईएमआय किंवा ऑटोपे आहे का पाहा, ते दुसरीकडे हलवा, न बिल झालेले व्यवहार येऊ द्या, बाकी शून्य करा. आधी एखादा महिना बाकी पुढे ढकललेली असेल तर पूर्ण भरल्यावरही पुढच्या बिलात थोडं व्याज उतरतं. बंद करायच्या विनंतीत अशी चिल्लर अडते. मग ॲप किंवा ईमेलवरून विनंती टाका आणि तिचा क्रमांक जपून ठेवा. बाकी शून्य असेल तर सात कामकाजाच्या दिवसांत बंद करणं बँकेवर बंधनकारक आहे, नाहीतर उशिराच्या दर दिवसाला ५०० रुपये द्यावे लागतात. ब्युरोला कळवायला ३० दिवस आहेत. त्यानंतर वर्षातून एकदा मिळणारा मोफत रिपोर्ट काढून `Date Closed` भरलंय का आणि बाकी शून्य आहे का बघा. चूक असेल तर ब्युरोकडे तक्रार करा, ३० दिवसांत निकाल लागला नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे.

मंदार_कट्टा
५०० रुपये कुणाला मिळालेत का खरंच?

डोंबिवली_फास्ट
२,९५० भरले. कार्ड-बदलाचा ईमेल पाठवला. उत्तर आलं: 'बिनफीच्या कार्डात बदल शक्य आहे, नवा कार्ड क्रमांक मिळेल.' खाते क्रमांक आणि २०१३ बद्दल एक अक्षर नाही.

कार्डबाज
कार्ड क्रमांक बदलणं ठीक आहे. खाते क्रमांकाचं उत्तर मागाच. तोपर्यंत 'हो' म्हणू नका, आणि फोनवर ओटीपी सांगून संमती तर मुळीच नको.

वैदेही_न
माझा धागा काढलाय, हिशेबनीस बघाल का?