मदत हवी आहे: भाचा नववीत, वाचन फार अडखळतं. एसएसएलसीला जादा वेळ किंवा कुणी प्रश्न वाचून दाखवेल का?

खानापूरची_आत्या
नमस्कार मंडळी. भावाचा मुलगा आमच्या तालुक्यातल्या मराठी माध्यमाच्या हायस्कूलात नववीला आहे, वय १४. तोंडी विचारलं तर विज्ञानाचा धडा फडाफडा सांगतो. तोच वाचायला दिला की घ चा ध, भ चा म, रफार तर दिसतच नाही. पेपर निम्मा कोरा. कन्नडमध्ये त्याहून वाईट. एका सरांनी "आळशी आहे" म्हणून सोडून दिलं. पुढच्या वर्षी बोर्डाचे पेपर. जादा वेळ मिळतो का? प्रश्न कुणी वाचून दाखवतं का? आणि कन्नडचं काय करायचं?

निपाणी_वाला
सोपं आहे ताई. फॅमिली डॉक्टरकडून 'डिस्लेक्सिया' लिहून घ्या, हेडमास्तरांना द्या. लेखनिक म्हणून शेजारचा कॉलेजचा पोरगा बसवा, पास होतोय की नाही बघा!

निवृत्त_शिक्षिका_बेळगाव
निपाणीवाले, लेखनिक मिळतो हे बरोबर, बाकी दोन्ही चुकलं. खासगी डॉक्टरच्या चिठ्ठीवर काम होत नाही. आणि स्वतःचा लेखनिक न्यायचा असेल तर तो एक पायरी खालचा हवा, असं केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत होतं, आताचा नियम बोर्डाला विचारून घ्या. म्हणजे दहावीच्या पेपराला नववीचा मुलगा. कॉलेजचा पोरगा दारातूनच परत येईल.

ताई, आधी एक बघा. तो फक्त कन्नडमध्ये अडखळत असता तर मी म्हटलं असतं, भाषा कच्ची आहे, सराव द्या. कच्च्या वाचनाला सवलत नाही. पण मराठी, म्हणजे घरची भाषा, तिथेही असंच होतंय आणि ऐकून सगळं समजतंय, तर तपासणी करायलाच हवी. स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडी म्हणजे अपंगत्वाच्या ओळखपत्रासाठी अर्ज भरा, मग बेळगावच्या बिम्स मेडिकल कॉलेजच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. आधी डोळे-कान तपासतात, कारण चष्म्याचा नंबर निघाला तर गोष्टच वेगळी. मग मानसशास्त्रज्ञ बुद्ध्यांकाची आणि निम्हान्सने तयार केलेली अध्ययन अक्षमतेची चाचणी घेतात. तिथे आवर्जून सांगा, मुलगा मराठी माध्यमाचा आहे, वाचन मराठीत घ्या. माझ्या एका विद्यार्थ्याला इंग्रजी उतारा दिला होता. तो माध्यमामुळे अडला की अध्ययन अक्षमतेमुळे, तेच कळेना. परत जावं लागलं, दोन महिने गेले.

प्रमाणपत्रावर अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त आलं तर तीन तासांच्या पेपराला किमान एक तास जादा, असं त्याच सूचनांत होतं. लेखनिक नको असला तरी हा तास मिळतो. लेखनिक किंवा वाचक हवा असेल तर सरकारी रुग्णालयाच्या वरिष्ठ अधिकाऱ्याचा, त्याची गरज आहे असं सांगणारा, वेगळा दाखला लागतो. बरेच पालक इथे अडकतात, अपंगत्वाचं प्रमाणपत्र हातात असलं की झालं असं समजतात. बोर्डाकडे अर्ज शाळेमार्फतच जातो. मुख्याध्यापकांकडून पोच घ्या आणि बीईओ म्हणजे गटशिक्षण अधिकाऱ्यांच्या ऑफिसात विचारत राहा.

चिकोडीचा_ड्रायव्हर
माझंही वाचन कच्चं आहे. आरटीओत लर्निंगच्या परीक्षेला कॉम्प्युटरवर प्रश्न येतात, वाचेपर्यंत पुढचा येतो. दोनदा नापास. मलाही हा तास मिळेल का?

निवृत्त_शिक्षिका_बेळगाव
दादा, तुमची परीक्षा वेगळी, तिथलं मला सांगता येणार नाही. आरटीओत विचारा, अर्ज भरताना भाषा निवडता येते का तेही बघा.

खानापूरची_आत्या
खूप आभार मॅडम. मराठी पेपर तर मराठीतच आहे, गणित-विज्ञानही मराठीत मिळतं. पण कन्नड सोडता येईल का? वहिनी म्हणते, सोडून टाका.

निवृत्त_शिक्षिका_बेळगाव
२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम १७ मध्ये दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट देण्याचा उल्लेख आहे. दुसरीकडे राज्याचा २०१५ चा कन्नड सक्तीचा कायदा आहे. दोघांचा मेळ कसा घालतात, ते मुख्याध्यापकांनी बोर्डाला लेखी विचारावं, बोर्ड उत्तर देईल तेच खरं. माझं मत वेगळं आहे. पोराला पुढे इथेच नोकरी धरायची असेल तर सूट घेऊनही घरी बोलण्यापुरतं कन्नड चालू ठेवा. त्याचे कान चांगले आहेत ना!

निपाणी_वाला
वाचक मिळाला तर मराठीच्या पेपरातला उतारा तो वाचणार? मग वाचनाची परीक्षा कसली?

निवृत्त_शिक्षिका_बेळगाव
या प्रश्नावर आमच्या स्टाफरूममध्येही वाद व्हायचा. माझ्या मते उताऱ्याखालच्या प्रश्नांत आशय समजला का ते तपासतात, वाचून दाखवायला हरकत नसावी. पण केंद्रप्रमुख काय म्हणेल, ते परीक्षेआधीच लेखी विचारून ठेवलेलं बरं.

खानापूरची_आत्या
सोमवारी बिम्सला जातोय. यूडीआयडीचा अर्ज आज भरला, फोटोचा आकार तीनदा चुकला. चाचणीनंतर इथेच लिहीन.