मनाचे श्लोक स्पर्धा: 'आनंत' म्हटल्याबद्दल गुण कापायचे का?

प्रेषक: मेघना
नमस्कार मंडळी,
शनिवारच्या स्पर्धेत लहान गटातल्या एका मुलीने पहिल्या श्लोकाची शेवटची ओळ 'गमूं पंथ आनंत या राघवाचा' अशी म्हटली. परीक्षकांनी उच्चाराचे दोन गुण कापले आणि शेरा लिहिला, 'अनंत हवे'. तिच्यानंतरच्या मुलाने 'अनंत' म्हटलं, त्याला उच्चाराचे दहापैकी दहा. मुलीच्या आईने छापील पुस्तक दाखवलं, त्यात 'आनंत'च आहे. उच्चार, लय, पाठांतर आणि भाव यांना प्रत्येकी दहा गुण आहेत. पुढच्या वेळी परीक्षकांना काय सांगायचं?

प्रेषक: सुधीर
मेघना, शब्द 'अनंत' हाच आहे. इथे मुलांच्या कानावर मराठी आधीच कमी पडतं, त्यात हा शब्द चुकीचा बसला की जन्मभर तसाच राहील. परीक्षकांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. ओळ जरा ओढून म्हटली की लय सांभाळता येते.

प्रेषक: वासंती
सुधीर, शब्द 'अनंत' हे खरं, पण ओळ समर्थांची आहे आणि वृत्त भुजंगप्रयात. प्रत्येक ओळीत बारा अक्षरं. एक लघु, दोन गुरू, असं चार वेळा. ही ओळ तोडून म्हणून बघा: गमूंपं, थआनं, तयारा, घवाचा. पाचवं अक्षर गुरूच लागतं, म्हणून तिथे 'आ' केला आहे. 'अ' म्हटलं की 'थ' आणि 'अ' असे दोन लघु लागोपाठ येतात आणि ओळ तिथेच खचते. म्हणजे त्या मुलीचे गुण कापायचेच नव्हते, आणि त्या मुलाचा लयीचा एक गुण जायला हवा होता.

लयीत खरी पडझड दुसरीकडे होते. बोलताना आपण शब्दाच्या शेवटचा 'अ' गिळतो. मुलंही तसंच 'गणाधीश् जो ईश् सर्वां गुणांचा' म्हणतात, आणि बारा अक्षरांची दहाच उरतात. दोन्ही 'श' पूर्ण उच्चारले पाहिजेत. परीक्षकांनी टेबलावर बोटाने अक्षरं मोजली तर हे लगेच कळतं. गोड चालीत मात्र ते लपून जातं, कारण स्वर लांबवून जागा भरता येते.

उच्चारात मी 'च' ऐकते. गुणांचा, निर्गुणाचा, राघवाचा यांतला 'च' चमचातला. तिसऱ्या ओळीतल्या 'चत्वार वाचा'मधला चंद्रातला. यमक एकच असल्यामुळे मुलं चारही ओळींत एकच 'च' लावतात.

प्रेषक: निखिल
वासंतीताई, माझ्या मुलाला 'ळ' अजून जमत नाही, 'मूल चत्वार' म्हणतो. त्याला खालच्या वयोगटात बसवता येईल का?

प्रेषक: वासंती
निखिल, वयोगट कशाला बदलायचा? एकाच वर्णाची अडचण असेल तर तिचा गुण एकदाच कापावा, प्रत्येक 'ळ'ला नाही. नाहीतर दहा श्लोकांत त्याचे उच्चाराचे सगळे गुण संपतील आणि इतर वर्ण तो किती स्वच्छ म्हणतो ते दिसणारच नाही.

प्रेषक: मेघना
आणि पाठांतर? एक मुलगा 'जगी धन्य तो दास सर्वोत्तमाचा' म्हणून संपवायचा आणि पुढच्या श्लोकाऐवजी भलत्याच श्लोकात शिरायचा. अडखळला एकदाही नाही.

प्रेषक: वासंती
त्या भागात लागोपाठच्या श्लोकांची शेवटची ओळ तीच आहे, त्यामुळे मूल तिथे हमखास रस्ता चुकतं. न अडखळता मधले तीन श्लोक गाळले तर ती पाठांतराची मोठी चूक. थांबून, आठवून बरोबर श्लोक धरला तर किरकोळ. पण हे पकडायला परीक्षकांसमोर पुस्तक उघडं हवं. नुसतं कानाने कळत नाही, कारण चाल कुठेच तुटत नाही.

प्रेषक: सुधीर
वृत्ताचं पटलं. तरी 'अनंत' म्हणणाऱ्या मुलाचा गुण कापणं मला जड जातं. आणि भावाचं काय? परवा एक मुलगी हातवारे करत, डोळे मोठे करत म्हणत होती, तिला दहापैकी नऊ मिळाले.

प्रेषक: वासंती
हे श्लोक स्वतःच्या मनाला समजावून सांगितलेले आहेत. 'मना सज्जना' ही हाक आहे, ती आवाजात हवी. हातांनी काय दाखवणार? 'जनी निंद्य ते सर्व सोडूनि द्यावे' आणि 'जनी वंद्य ते सर्व भावे करावे' या दोन ओळी एकाच सुरात आल्या तर मुलाला अर्थ पोचलेला नाही असं मी धरते. नऊ गुण मी दिले नसते. पण अगदी लहान गटात किती अपेक्षा ठेवायची, यावर माझं आणि माझ्या सहपरीक्षकांचं कधीच एकमत झालेलं नाही.

प्रेषक: मेघना
तर पुढच्या वेळी मुलांना आणि परीक्षकांना एकाच छापील प्रतीची पानं महिनाभर आधी पाठवते. भावाचे गुण दहावरून पाच करून उरलेले लयीला द्यावेत असं मला वाटतं. रविवारच्या बैठकीत ठरवू या. निखिल, मुलाचं नाव त्याच्याच गटात लिहिलं आहे.