पेपरांमधला एका दिवसाचा गॅप: तुमचे अनुभव

वाळ्याचा_पडदा
आज कूलरचं गवत बदलायला काढलं, तर माळ्यावरच्या खोक्यात चौथ्या सेमचं टाइमटेबल सापडलं. इलेक्ट्रॉनिक्स, समर परीक्षा, सगळे पेपर दुपारी अडीचला. सोमवारी मॅथ्स, बुधवारी नेटवर्क, गुरुवारी डिजिटल, शनिवारी फील्ड्स आणि थेट पुढच्या बुधवारी मायक्रोप्रोसेसर.
मला मायक्रोची धास्ती, म्हणून परीक्षेआधीच्या पीएलचे पहिले आठ दिवस त्यालाच वाहिले. डिजिटल काय, एका रात्रीत होते! बुधवारी नेटवर्क देऊन घरी पोचले तेव्हा साडेसहा वाजलेले, डोकं ठणकत होतं आणि अकराला लाइट गेली. डिजिटलचे तीन युनिट उघडलेच नाहीत. निकालात मायक्रोला सर्वांत जास्त मार्क, डिजिटल बॅक.
आता भाची माझ्याकडे राहून शिकते, तिचंही टाइमटेबल आलंय. तुम्ही कसं बसवत होते? लिहा.

तर्रीवाला_भाऊ
लाइट जायच्या आधी कूलरसमोर झोप लागली असंन, खरं सांग बे 😄

वाळ्याचा_पडदा
दहा मिनिटंच.

नंदनवनची_काकू
माझ्या मुलाचा बारावीनंतर एक वर्षाचा गॅप आहे. गॅप सर्टिफिकेट कुठे काढायचं? सेतूत की वकिलाकडे?

तर्रीवाला_भाऊ
काकू, हा तो गॅप नाही 🙏 कॉलेजात विचारून घ्या, कोणता कागद लागतो ते तेच सांगतीन.

जुना_मास्तर
बारा वर्षं शिकवण्या घेतल्या, म्हणून थोडं लांबड लावतो. गॅप दिवसांत मोजू नका, बैठकांत मोजा. एक बैठक सरासरी तीन तासांची. दुपारचा पेपर असला की त्या रात्री एकच बैठक होते, मोकळ्या दिवशी चार, पेपरच्या सकाळी एक. आता ताईंचंच टाइमटेबल घ्या. नेटवर्कआधी सहा बैठका, फील्ड्सआधी सहा, मायक्रोआधी चौदा आणि डिजिटलआधी फक्त दोन.
एक विषय पहिल्यांदा नीट करायला साधारण बारा बैठका जातात, सहा युनिटला दोन-दोन. म्हणजे मायक्रो अख्खा गॅपमध्येच बसत होता, पीएलमध्ये त्याला हात लावायची गरज नव्हती. पीएल डिजिटल, फील्ड्स आणि नेटवर्कची. मॅथ्स शेवटी, कारण पहिला पेपर त्याचाच.
फक्त डिजिटल पीएलच्या सुरुवातीला केलं तर गुरुवारपर्यंत उडून जातं. म्हणून तेव्हाच प्रत्येक युनिटची दोन पानं काढायची, आणि मंगळवारच्या चारपैकी एक बैठक नेटवर्ककडून चोरून ती पानं चाळायची. बुधवारी रात्री मग नवीन काही उघडायचं नाही.

वाळ्याचा_पडदा
सर, चौदा बैठका! आणि मी तिथेच आठ दिवस घातले 🤦‍♀️

पोट्टा_४५डिग्री
एवढं गणित काहून करून राहिले? पाच वर्षांचे पेपर घ्या, जे प्रश्न रिपीट होतात ते करा, दोन युनिट सोडून द्या. मी असाच पास झालो.

जुना_मास्तर
जुन्या पेपरचं बरोबर आहे. पण आमच्या पॅटर्नमध्ये ऑप्शन युनिटच्या आतच असायचा, पहिला किंवा दुसरा, तिसरा किंवा चौथा. सहापैकी दोन युनिट सोडले की ऐंशीतले जवळपास सत्तावीस मार्क गेले, आणि उरलेल्या चारांत चुकायला फारशी मुभा नाही. त्यापेक्षा प्रत्येक युनिटमधला अर्धा भाग पक्का करा. दोन्ही प्रश्न त्याबाहेरचे आले तर फटका बसतो, हे मान्य. न्यूमरिकल असलेल्या युनिटमध्ये तर बसतोच.

पोट्टा_४५डिग्री
हां, मी दोन सोडले ते थिअरीच्या विषयात. मॅथ्समध्ये तसंच केलं नं, तिथे बॅक होती 😅

मेडिकल_चौक
माझं दुखणं वेगळं. तिसऱ्या सेमची बॅक चौथ्याच्या गॅपमध्येच यायची. टाइमटेबल दोन कागदांवर, मोकळा दिवस दिसतो पण नसतो. मी दोन्ही एका कॅलेंडरवर लाल-निळ्या पेनानं उतरवले तेव्हा कळलं, नऊ दिवसांत सात पेपर. बॅक सोडून रेग्युलर वाचवावं का? मी बॅक सोडली. अजून वाटतं, चुकलं.

जुना_मास्तर
बॅक किती तयार होती त्यावर आहे. आधी दोनदा दिलेली असेल तर तिला चार बैठका पुरतात, सोडू नये. पहिल्यांदाच करायची असेल तर… मला नाही सांगता येत.

सकाळची_शिफ्ट
रात्रभर जागायचं की पहाटे चारला उठायचं? मे महिन्यात तर दुपारी डोकं चालतच नाही.

तर्रीवाला_भाऊ
रात्रभर. पहाटे उठतो म्हणणारे पोट्टे आठला उठतात.

वाळ्याचा_पडदा
भाचीचं टाइमटेबल बैठकांत मांडलं. तिचे पेपर सकाळी साडेनऊचे आहेत, सर. मग पेपरच्या सकाळची बैठक गेली?

जुना_मास्तर
गेली. पण त्याच दिवशी दुपारची एक मिळते. ती झोपेला द्या, रात्रीची कामाला येईल.

नंदनवनची_काकू
आणि पेपरला जाताना डोक्याला दुपट्टा बांधायला सांगा तिला. सेतूत आज सर्व्हर डाऊन आहे म्हणे.