तीन टक्के वाढ दिसतेय, तरी ‘वाढ’ म्हणायचं नाही?

विभागप्रमुख:
मागच्या तिमाहीत समाधानी ग्राहक ७२ टक्के, या वेळी ७५. दोन्ही वेळा ४०० जणांना विचारलं. सादरीकरणाच्या आदल्या दिवशी नव्या ॲनालिस्टचा ईमेल: “सर, ही वाढ सॅम्पलिंग एररच्या आत बसते. ‘समाधान वाढले’ असे लिहू नये, ही विनंती.” टीम तीन महिने राबली, त्यावर एका ओळीत पाणी?

नमुनापारखी:
तिने बरोबर लिहिलंय. ७२ टक्के म्हणजे २८८ माणसं, ७५ म्हणजे ३००. तुमची सगळी वाढ बारा जणांवर उभी आहे. ग्राहकांचं मत जराही बदललं नसतं, तरी नवे ४०० निवडल्यावर दहा-बारा जणांचा फरक सहज पडतो. हिशोब केला तर खरा बदल तीन पॉइंटांच्या घटीपासून नऊ पॉइंटांच्या वाढीपर्यंत कुठेही असू शकतो.

सरळहिशोब:
एवढं कशाला? एकेका आकड्याला दोन्ही बाजूंना सव्वाचार-साडेचार पॉइंटांचं मार्जिन आहे. दोन्ही पट्टे एकमेकांवर चढतात, म्हणजे फरक शून्य. विषय संपला.

नमुनापारखी:
कसा संपला? ६८ वरून ७५ झाले असते तरी पट्टे चढलेच असते, पण सात पॉइंटांचा तो फरक मार्जिनच्या बाहेर गेला असता. मार्जिन फरकाचं काढायचं असतं, ते इथे सुमारे सहा येतं. आणि ‘वाढ सिद्ध झाली नाही’ म्हणजे ‘वाढ झाली नाही’ असं होत नाही. मुलीने तसं लिहिलेलंही नाही.

बोनसग्रस्त:
मार्जिन काय घेऊन बसलात! माझ्या जुन्या नोकरीत बोनस याच आकड्याला बांधलेला. ज्यांची तक्रार सुटली त्यांनाच सर्व्हेची लिंक जायची, चिडलेल्यांना वगळायचे. आकडा चढत गेला, ग्राहक गळत गेले. आम्ही बोललो तर आम्हालाच नकारात्मक ठरवलं.

विभागप्रमुख:
आमच्याकडे असले धंदे चालत नाहीत, तोंड सांभाळून बोला. उलट या वेळी लिंकऐवजी फोन केले, म्हणून उत्तरं भराभर मिळाली.

नमुनापारखी:
हे आधी का नाही सांगितलंत? फोनवर समोर माणूस असला की लोक वाईट बोलायला कचरतात. मग तीनातले किती कामाचे आणि किती फोनचे? सॅम्पलिंग एररच्या सूत्राला ते कळत नाही. ईमेलमध्ये ही ओळही हवी होती.

बोनसग्रस्त:
मी तेच म्हणत होतो.

नमुनापारखी:
तुम्ही लबाडीचं म्हणत होता, हे वेगळं आहे.

विभागप्रमुख:
ठीक आहे, ‘वाढले’ काढतो, ‘स्थिर’ लिहितो. पण तीन पॉइंट पकडायला विचारायचं तरी किती जणांना?

नमुनापारखी:
‘स्थिर’ही नको, तेही सिद्ध झालेलं नाही. एवढा बदल पाचातल्या चार वेळा तरी हाती लागायला हवा असेल, तर दर तिमाहीत सुमारे ३४०० जण.

विभागप्रमुख:
तेवढं बजेट मला कोणी देणार नाही.

सरळहिशोब:
मग दर तिमाहीला मोजता कशाला? चार तिमाही एकत्र करा, वर्षाला बघा.

नमुनापारखी:
१६०० झाले तरी दोन वर्षांमधल्या फरकाचं मार्जिन तीनाच्या आसपासच राहतं. आणि आधी फोन की लिंक, ते एकदा ठरवा.